टॅगच्या किमतीवरून अखेरचा साठा

हजारो नगांचं कापडदुकान आहे. प्रत्येकाचं खरेदीबिल न शोधता ३१ मार्चचा साठा खरेदीभावाने काढता येईल का?

येईल, टॅगच्या किमतींची नोंद नीट ठेवली असेल तर. समजा सुरुवातीचा साठा खरेदीभावाने ६ लाख आणि टॅगने १० लाखांचा होता. वर्षभरात २४ लाखांची खरेदी झाली, तिच्यावर ३८ लाखांचे टॅग लागले. पुढे काही मालाचे भाव एकूण २ लाखांनी वाढवले. म्हणजे ५० लाखांच्या टॅगमागे ३० लाखांचा खरेदीभाव, प्रमाण ६० टक्के. आता त्या ५० लाखांतून ३९ लाखांची विक्री आणि सेलमध्ये उतरवलेले ३ लाख वजा करा. उरलेल्या ८ लाखांचे ६० टक्के, ४ लाख ८० हजार, हा तुमचा साठा. टॅगमध्ये जीएसटी धरला असेल तर विक्रीही जीएसटीसह घ्या, नाहीतर साठा उगाच फुगतो.

सेलचे ३ लाख वजा करतो, मग प्रमाण काढताना का नाही?

तेही धरले तर ३० भागिले ४७, म्हणजे ६३.८ टक्के येतात आणि साठा सुमारे ५ लाख ११ हजार होतो. नफाही तेवढाच, ३१ हजारांनी, वाढलेला दिसतो. सावध हिशेब म्हणून ते वगळतात. सेलचा माल संपला असेल आणि रॅकवर पूर्ण भावाचाच माल उरला असेल, तर ६० टक्के अगदी बरोबर. पण उलटं झालं तर? उरलेला सगळा माल सेलचाच असेल, तर आज ८ लाखांचे टॅग असलेल्या त्या मालाचे मूळ टॅग ११ लाखांचे, म्हणजे खरेदीभाव ६ लाख ६० हजार. आपण दाखवतोय ४ लाख ८० हजार! असा माल वेगळा मोजावा आणि खरेदीभाव किंवा खर्च वजा जाता विकून मिळेल ती रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरावी. माझ्या मते मार्चअखेरीस रॅकवर काय उरलंय हे पाहिल्याशिवाय प्रमाण ठरवूच नये.

मोजणीत टॅगने ७ लाख ४० हजारच भरले. चोरी झाली का?

आधी काउंटरवरची सूट तपासा. हजारचा शर्ट नऊशेला दिला आणि विक्री नऊशेच लिहिली, तर उरलेले शंभर हिशेबात माल म्हणून राहतात, शर्ट मात्र गेलेला असतो. बिलांतली सूट जोडून पाहा. ती ४५ हजार निघाली, तर खरी तूट टॅगने १५ हजारांची, खरेदीभावाने ९ हजारांची. साठा मात्र मोजणीप्रमाणेच, ७ लाख ४० हजारांचे ६० टक्के, ४ लाख ४४ हजार.

साड्या आणि शाळेचे गणवेश एकाच हिशेबात चालतील?

नाही. गणवेशावर नफा कमी, साडीवर जास्त. गणवेश जूनमध्येच संपतात आणि मार्चला रॅकवर बहुतेक साड्याच असतात. एकत्रित प्रमाण लावलं की त्या साड्या महाग दिसतात. विभागवार वेगळं प्रमाण काढा.