दंडघेराची पट्टी आणि आईचं म्हणणं

"पीएचडी, समाजकार्य. विषय: अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांच्या आयांचे अनुभव. सिनॉप्सिसमध्ये ऑन्टॉलॉजी-एपिस्टेमॉलॉजीवर लिहायला सांगितलंय, पण वाचून काही डोक्यात शिरत नाही. वर समितीने गृहीतकही मागितलंय. सीनियर म्हणतात, क्वालिटेटिव्ह आहे ना, मग इंटरप्रिटिव्हिझम लिही आणि पुढे जा. एवढं पुरेल का?"

नाही पुरणार. माझा विषय तुमच्या अगदी शेजारचा होता आणि समितीने माझ्याकडेही हेच मागितलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. व्याख्या कुठल्याही पुस्तकात मिळतील, त्या सोडून देतो. आणि हे सामाजिक शास्त्रांपुरतंच आहे. सही शेवटी तुमच्या गाईडची लागते, हे लक्षात ठेवून वाचा.

500 ची जुनी नोट घ्या. 8 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्री तिचा कागद, शाई, तार यातलं काहीच बदललं नाही, तरी ती व्यवहारातून बाद झाली. म्हणजे त्या नोटेत दोन तऱ्हेच्या गोष्टी होत्या. कागद कोणी मानो न मानो, असतोच. तिचं 'पैसा' असणं मात्र सरकारच्या आणि लोकांच्या मानण्यावर उभं होतं. पण मानण्यावर उभं म्हणजे खोटं नव्हे, त्या रात्रीनंतर बँकेपुढे रांगेत उभे राहिलेले लोक खरेच होते. कोणती गोष्ट कशा तऱ्हेने 'आहे', हा ऑन्टॉलॉजीचा प्रश्न. आता नोट उजेडात धरली तर वॉटरमार्क दिसेल, कागद अस्सल की नकली ते कळेल. ती आज चालते का, हे मात्र उजेडात धरून कधीच कळणार नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची सूचना वाचावी लागेल, दुकानदार घेतो का ते पाहावं लागेल. कशाबद्दल काय पुरावा चालतो, हा एपिस्टेमॉलॉजीचा प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून असतं, म्हणून लिहिताना क्रम उलटा करू नका.

आता तुमच्या विषयाकडे. दंडघेराची पट्टी तुम्ही पाहिली असेलच: 11.5 सेंमीच्या खाली लाल, तिथून 12.5 पर्यंत पिवळी, वर हिरवी. ही 11.5 ची रेघ 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने आखली, त्याआधी ती 11 वर होती. म्हणजे 11.3 सेंमी दंडघेराचं मूल आधीच्या रेघेनुसार 'तीव्र कुपोषित'मध्ये बसत नव्हतं, नंतरच्या रेघेनुसार बसलं. दंड तोच. 'सॅम' म्हणजे 'तीव्र कुपोषित' ही वर्गवारी माणसांनी ठरवलेली आहे, हे इथे स्पष्ट दिसतं. पण रेघ मनाला येईल तशी सरकवलेली नाही. इतक्या बारीक दंडाच्या मुलांना मृत्यूचा धोका बराच जास्त असतो, म्हणून ती वर घेतली. तो धोका कोणाच्याही व्याख्येची वाट पाहत नाही.

आता समजा, पट्टी 11.2 दाखवते. सेविका रजिस्टरमध्ये 'सॅम' लिहिते आणि मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात घालायला सांगते. आई म्हणते, "आमच्या घरात सगळे अंगाने बारीकच. खेळतंय, जेवतंय. आजारी कुठंय?" हे दोन जबाब एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही काय करणार? तुमची फिलॉसॉफी इथेच ठरते.

पट्टीचा आकडा हेच सत्य आणि आईला माहिती कमी, असं धरलंत तर तुम्ही पॉझिटिव्हिझमच्या बाजूला आहात. मग किती आयांना माहिती नाही, शिक्षणाशी त्याचा संबंध आहे का, असे प्रश्न आणि गृहीतक शोभून दिसतं. 'कुपोषित मूल' हे रजिस्टर, पट्टी, सेविकेचं बोलणं आणि आईची लाज यांतून घडत जातं, ते कसं घडतं तेच मला पाहायचंय, असं म्हणालात तर इंटरप्रिटिव्हिझम. तिथे आईचं म्हणणं तपासून बरोबर-चूक ठरवायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. आणि उपासमार कोणी नाव दिलं नाही तरी असते, पण ती आपल्यापर्यंत पट्टीतून आणि बोलण्यातूनच पोहोचते, म्हणून दोन्ही अपुरी धरून मागची कारणं शोधायची, असं असेल तर क्रिटिकल रिअलिझम. माझं मत विचाराल तर कुपोषणासारख्या विषयाला हा तिसरा पवित्रा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील, आणि तुमचा प्रश्न निव्वळ आईच्या अनुभवाचा असेल तर दुसराही चालेल.

सीनियरचा सल्ला का पुरत नाही, ते यावरून कळेल. मुलाखत पॉझिटिव्हिस्टही घेतो, फक्त तिच्यातून माहिती काढून घेतो. पद्धत क्वालिटेटिव्ह असल्याने भूमिका ठरत नाही. तुमच्या निष्कर्षांच्या कच्च्या मसुद्यात 'गैरसमज', 'अज्ञान', 'प्रत्यक्षात मात्र' हे शब्द शोधा. तिसऱ्या चॅप्टरमध्ये 'वास्तव अनेक असतात' आणि पाचव्यात 'मातांमध्ये गैरसमज आढळले' असं असेल, तर परीक्षक तिथेच बोट ठेवणार. गैरसमज म्हणण्यासाठी खरी समज तुमच्याकडे आहे असं मानावं लागतं.

मला सगळ्यात महाग पडली ती आमची समिती. त्यांच्याकडे सिनॉप्सिसचा एकच छापील साचा होता: उद्दिष्टे, गृहीतके, नमुना, विश्वसनीयता. मुलाखतींचा अभ्यास आहे, इथे गृहीतक तपासलं जाणार नाही, हे मी लेखी दिलं. गाईडनेही सांगितलं. उत्तर आलं की रकाना रिकामा चालत नाही. वर मुलाखतींची विश्वसनीयता क्रॉनबॅक अल्फाने दाखवा म्हणाले! अल्फा हा प्रश्नावलीतली एकाच गोष्टीची विधानं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा आहे. मोकळ्या गप्पांतून आलेल्या मजकुराला तो लावायचा कशाला? शेवटी मंजुरीसाठी गृहीतक घालावं लागलं. ते प्रबंधात राहिलं आणि बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: वास्तव अनेक मानता, मग ते एक गृहीतक कोणत्या वास्तवावर तपासलंत? प्रबंध दुरुस्तीला परत आला. समितीकडे गेलो तर म्हणाले, परीक्षकांचं तुम्हीच बघा. आजही त्याचा राग जात नाही, कारण त्या साच्यापायी दरवर्षी कोणाचं तरी वर्ष जातं.

म्हणून तुम्ही रकाना रिकामा ठेवू नका आणि खोटं गृहीतकही घालू नका. तिथे लिहा: "हा अभ्यास गृहीतक तपासत नाही, पुढील संशोधन प्रश्नांचा शोध घेतो", आणि खाली प्रश्न द्या. बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्या, नोंदीची प्रत मागून घ्या. विश्वसनीयतेच्या रकान्यात गावात किती काळ राहणार, सेविका, आई आणि रजिस्टर यांचे जबाब शेजारी कसे ठेवणार, निर्णयांची वही कशी ठेवणार, ते लिहा.

मूळ परिच्छेद पाच-सहा ओळींचाच पुरे. साधारण असा: "मुलाची शारीरिक स्थिती माझ्या किंवा आईच्या मतावर अवलंबून नाही, असे मी मानतो. 'तीव्र कुपोषित' ही वर्गवारी मात्र ठरवून केलेली आहे आणि तिचे घरावर खरे परिणाम होतात. त्यामुळे दंडघेराची नोंद आणि आईचे कथन हे दोन्ही मी पुरावा मानतो, पण कोणतेही एक अंतिम मानत नाही. दोन्ही जुळत नाहीत तिथे ते का जुळत नाहीत, याचा शोध घेतो." जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या प्रश्नाला बसतंय का ते आधी पाहा. आणि मुलाखतींना सुरुवात करण्याआधी पट्टी स्वतः एकदा लावून बघा. ती किंचित ओढली की पिवळ्यातलं मूल लाल होतं. हे सेविकेला पक्कं माहीत असतं, त्यामुळे तिला विचारायचा पहिला प्रश्न तिथेच मिळेल.