‘व्यसनी’ हा शब्द उपचारांच्या आड कसा येतो

प्रश्न: समुपदेशक ताई म्हणाल्या, ‘व्यसनी’ म्हणू नका, ‘व्यसनाचा आजार असलेली व्यक्ती’ म्हणा. माझा धाकटा भाऊ रोज पितो. उपचारांचं नाव काढलं की ‘मी काय बेवडा आहे का?’ म्हणून उठून जातो. नुसता शब्द बदलून काय होणार?

उत्तर: भावाचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. ‘मी पीत नाही’ असं तो म्हणतच नाहीये, ‘मी बेवडा नाही’ असं म्हणतोय. बेवडा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे देशीच्या दुकानाबाहेर आडवा झालेला माणूस येतो. मग तो स्वतःला त्याच्याशी ताडून बघतो. आपण कामावर जातो, पगार घरी देतो, रस्त्यात कधी पडलो नाही, म्हणजे आपण ते नव्हे. त्याच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. उपचारांच्या दारावर ‘बेवड्यांसाठी’ अशी पाटी असेल तर तो आत कशाला जाईल?

‘व्यसनी’, ‘दारुडा’, ‘गर्दुल्ला’ हे शब्द माणसाचे दोनच भाग करतात: आहे किंवा नाही. आजाराच्या नावाला मात्र पायऱ्या असतात. अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 साली आपल्या निदान-पुस्तिकेत ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ हे जुने दोन कप्पे काढून टाकले आणि ‘सेवन विकार’ हे एकच निदान ठेवलं. त्यासाठी मागच्या 12 महिन्यांतली 11 लक्षणं बघतात. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा प्रयत्न करून न जमणं, प्यायची तीव्र ओढ, घरात त्यावरून भांडणं होत असूनही पीत राहणं, तेवढीच नशा यायला आता जास्त लागणं, बंद केल्यावर हात थरथरणं, अशी ती आहेत. दोन-तीन असली तर सौम्य, चार-पाच असली तर मध्यम, सहा किंवा जास्त असली तर तीव्र. रोज कामावर जाणाऱ्या माणसातही यातली चार सहज सापडतात. ‘मी बेवडा आहे’ हे कबूल न करता त्याला डॉक्टरांसमोर बसता येतं, आणि तेही सौम्य किंवा मध्यम पायरीवर असताना, यकृत बिघडायच्या आधी. शब्दाचा सगळ्यात मोठा उपयोग मला हा वाटतो.

दुसरा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो, आणि तो मोजलेला आहे. जॉन केली आणि कॅसांड्रा वेस्टरहॉफ यांचा 2010 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा होता. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या 500हून अधिक लोकांना एका गृहस्थाची छोटी हकीकत वाचायला दिली. न्यायालयाच्या आदेशाने त्याचे उपचार चालू आहेत, बरेच दिवस सगळं नीट चाललं होतं, पण गेल्या महिन्यात लघवीच्या दोन तपासण्यांत नशेचा अंश सापडला. निम्म्यांच्या कागदावर त्याचा उल्लेख ‘नशेचा गैरवापर करणारा’ असा होता, बाकीच्यांच्या कागदावर ‘सेवन विकार असलेली व्यक्ती’ असा. बाकी मजकूर तोच. पहिला कागद वाचलेल्यांनी ‘चूक त्याचीच आहे, त्याला शिक्षा व्हायला हवी’ या बाजूला जास्त कौल दिला. फरक प्रचंड नव्हता. पण हे रस्त्यावरचे लोक नव्हते, अशा रुग्णांशी ज्यांची गाठ पडते तेच होते. तेही एका शब्दाने झुकतात, हे मला गंभीर वाटतं.

वॉर्डात हे झुकणं कसं दिसतं, ते बघा. पाय मोडलेला माणूस भरती झाला आणि केसपेपरवर कुणीतरी ‘दारुडा’ अशा अर्थाचा एक शब्द लिहून ठेवला. शेवटचं पिणं कधी झालं, रोज किती, आधी बंद केल्यावर फिट आली होती का, यातलं काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, सलाइन उपटून काढतो. केसपेपर वाचणाऱ्याला वाटतं, दारुडाच तो, तमाशा करतोय. खरं तर दारू अचानक थांबल्यामुळे होणारा हा वाताचा, म्हणजे भ्रमाचा झटका आहे. तो साधारण 48 ते 96 तासांत येतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. त्याच कागदावर ‘मद्यसेवन विकार, तीव्र, रोज 2 क्वार्टर, शेवटचं पिणं आज सकाळी 7 वाजता’ असं लिहिलेलं असतं, तर झटक्याआधीच औषधं आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली असती. आजाराचं नाव लिहिलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. शिवी लिहिली की तिथेच थांबायला होतं.

नुसत्या शब्दाने भाऊ उद्या केंद्रात जाईल, असं मी म्हणणार नाही. असे प्रयोग बहुतेक कागदावरच्या हकीकतींवर झालेले आहेत, आणि न जाण्याची कारणं इतरही असतात: खर्च, अंतर, नोकरी जायची भीती. 2019 साली आलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांपैकी एकानेच कुठलेतरी उपचार घेतल्याचं सांगितलं होतं. इतकी मोठी दरी एका शब्दाने भरत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभेत लोक स्वतःहून ‘मी मद्यपी’ म्हणतात, त्यालाही माझा आक्षेप नाही. स्वतःला काय म्हणायचं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. आपण दुसऱ्याला काय म्हणतो, ही वेगळी गोष्ट.

घरात मात्र ‘व्यसनाचा आजार असलेली व्यक्ती’ असं लांबलचक बोलू नका, ते शासकीय परिपत्रकासारखं वाटेल. संज्ञा बाजूला ठेवा आणि दिसतं तेवढंच बोला. ‘तुझं व्यसन वाढलंय’ म्हणण्याऐवजी, ‘सकाळी चहाचा कप धरताना तुझा हात थरथरतो, हे मी तीन-चार दिवस बघतोय. डॉक्टरांना विचारू या का?’ हे बोलणं सकाळी, तो प्यायलेला नसताना, आणि चारचौघांत नव्हे. सहा महिने बंद ठेवून तो पुन्हा प्यायला तर ‘परत वाया गेला’ म्हणू नका, ‘आजार उलटला’ म्हणा, कारण मग औषध बदलायचं की समुपदेशन वाढवायचं हे बोलता येतं. ‘वाया गेला’ म्हटल्यावर बोलायला काही उरत नाही. नातेवाइकांतही तेच: ‘आमचा पिणारा’ नाही, नाव घ्या.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. तुमच्या बोलण्याने तो हलला आणि ‘उद्यापासून एकदम बंद’ म्हणाला, तर त्याला तसं करू देऊ नका. सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल किंवा आधी कधी फिट आली असेल, तर बंद करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जवळ कोण आहे हे माहीत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर किंवा व्यसनमुक्तीच्या 14446 वर फोन करा. दोन्ही मोफत आहेत. फोन तुम्ही एकट्याने केला तरी चालतो, भाऊ शेजारी असायलाच हवा असं नाही.