डीनॉइज आधी, शार्पन अगदी शेवटी

प्रश्न: रामकुंडावरच्या गोदाआरतीचा फोटो आयएसओ ६४०० वर काढलाय. शार्पन, क्रॉप, अपस्केल आणि मग डीनॉइज केलं, तर चेहरे मेणाचे दिसतात. क्रम चुकला का?

उत्तर: हो, क्रमच चुकला. शार्पन करताना सॉफ्टवेअरला दाणा आणि साडीचा काठ यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही ठळक करतं. पुढे अपस्केलमध्ये एका पिक्सेलचा दाणा दोन-तीन पिक्सेलचा डाग होतो. तो डाग डीनॉइजला तपशीलच वाटतो. मग तुम्ही स्लायडर आणखी ओढता आणि दाण्यांबरोबर त्वचेचा पोतही पुसला जातो.

पुन्हा रॉ फाइलपासून सुरू करा. डीनॉइज पहिलं, पण जपून. थोडे दाणे राहिले तरी चालतील. मग क्रॉप. समजा ६०००×४००० मधून २४००×१६०० चा तुकडा उरला. १८×१२ इंची प्रिंटला ३०० पीपीआयने ५४००×३६०० लागतात, म्हणजे सव्वादोन पट. ही वाढ एकाच फटक्यात करा. आधी लहान करून पुन्हा मोठं केलं, तर गेलेला तपशील परत येत नाही.

शार्पन या अंतिम आकारावरच, कारण त्याची रेडियस पिक्सेलमध्ये मोजतात. आधी १ पिक्सेलने केलेली कड आता सव्वादोन पिक्सेलची जाड रेघ झालेली असते. १०० टक्के झूमवर दिव्याच्या पितळी काठाशी पांढरी किनार दिसली, तर प्रमाण कमी करा. काळ्या आकाशात दाणे उठले, तर मास्किंग वाढवा.

कॅमेऱ्यातून जेपेग घेतलं असेल, तर त्यात शार्पनिंग आधीच झालेलं असतं. तिथे हा क्रम अर्धाच उपयोगी पडतो.