छोट्या ओटीजीत केक वरून काळा, आत कच्चा

प्रश्न: माझा 10 लिटरचा ओटीजी आहे. रेसिपीप्रमाणे 180 वर 35 मिनिटं ठेवूनही रवा केक वरून करपतो आणि मध्ये कच्चा राहतो. ओटीजी बिघडलाय का?

बहुतेक नसावा. सांगलीत आमच्याकडे तुमच्याएवढाच ओटीजी आहे आणि पहिले दोन केक मीही असेच घालवले. तिसऱ्या वेळी गार ओटीजीत रिकामा टिन ठेवून पट्टीने मोजलं, तर टिनच्या काठापासून वरचा रॉड जेमतेम चार सेंटीमीटरवर होता. केक फुगला की तेवढंही अंतर उरत नाही. आकडा 180 चा असला तरी तो आतल्या हवेचा अंदाज. लाल झालेल्या रॉडची धग केकच्या माथ्यावर थेट पडते, ती त्या आकड्यात धरलेली नसते. वर कडक पापुद्रा येतो आणि उष्णता मधल्या पिठापर्यंत पोचायच्या आत तो काळा पडतो.

आता मी जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावते. सहा इंची टिन घेते, पण बसका, आणि पीठ अर्ध्यापर्यंतच ओतते. दोन्ही रॉड लावून दहा-बारा मिनिटं ओटीजी तापवायचा, मग केक ठेवताना फक्त खालचा रॉड सुरू ठेवून 160 वर आणायचं. माझा केक 45 मिनिटांत होतो. पंचविसाव्या मिनिटाला काचेतून बघते. माथा बदामी झाला असेल तर वर फॉइल सैल ठेवते. ते रॉडला अजिबात टेकता कामा नये. त्याआधी मात्र दार उघडू नका. एवढ्याशा डब्यातली गरम हवा क्षणात निघून जाते आणि केक मध्ये बसतो.

टिन साध्या पांढऱ्या ॲल्युमिनियमचा घ्या. काळा नॉनस्टिक टिन खालच्या रॉडची धग जास्त शोषतो, त्यात बूड आधी करपतं. ओटीजीबरोबर आलेल्या सपाट ट्रेवर टिन ठेवायची सवय असेल तर ती सोडा. तो ट्रे जवळजवळ सगळी जागा अडवतो, त्यामुळे खालची उष्णता वर येत नाही आणि माथ्याला फक्त वरचा रॉड भाजतो. टिन थेट जाळीवर ठेवा, चारही बाजूंनी दोन बोटं जागा सोडून.

बेदाणे घालत असाल (आमच्याकडे तासगावचे असतात, हात आखडत नाही) तर पिठात मिसळा. वर पेरलेले फुगून कोळसा होतात.

चाळीसाव्या मिनिटाला मधोमध सुरी खुपसून बघा. ओलं पीठ चिकटलं तर पाच-पाच मिनिटं वाढवा, तापमान नको. काढल्यावर केक उलटा करून बूडही बघा. ते माथ्यापेक्षा काळं असेल तर पुढच्या वेळी जाळी एक खाच वर घ्या.