'प्रोकुरिस्ट' ही पायरी नव्हे, सहीचा अधिकार

प्रश्न: "खरेदी विभागप्रमुखाच्या जागेसाठी एक रेझ्युमे आलाय. बाई ११ वर्षं जर्मनीत होत्या, आता कायमच्या मायदेशी परतताहेत. तिन्ही कंपन्यांची नावं आमच्यापैकी कुणी ऐकलेली नाहीत. पदं अशी: आइनकॉयफर, ग्रुपेनलायटर आणि शेवटचं प्रोकुरिस्ट. साहेब म्हणतात, ओळखीचं एकही नाव नाही, बाजूला ठेवा. मला पटत नाही, पण उलट बोलायला हातात काही नाही. कसं जोखायचं?"

तुमच्या हातात बरंच काही आहे, आणि त्यातलं सगळ्यात भक्कम त्या शेवटच्या शब्दातच आहे. मी १६ वर्षं भरतीचं काम करतोय आणि परदेशातून परतणाऱ्यांचे अर्ज खूप वाचले आहेत. अशा अर्जात पहिली चूक होते ती पदनाम आपल्या शिडीवर बसवायला जाण्यात. आइनकॉयफर म्हणजे खरेदीदार आणि ग्रुपेनलायटर म्हणजे एका छोट्या गटाचा प्रमुख. हे दोन्ही शिडीवर बसतात. प्रोकुरिस्ट बसत नाही, कारण ते पद नाहीच. जर्मन व्यापारी कायद्यात 'प्रोकुरा' नावाचं एक अधिकारपत्र आहे. ज्याला ते मिळतं, तो कंपनीच्या वतीनं व्यवसायातले जवळपास सगळे करार करू शकतो. जमीन विकणं किंवा गहाण ठेवणं यासाठी मात्र वेगळी परवानगी लागते. मालकांनी आतल्या आत 'अमुक रकमेच्या वर सही करू नकोस' असं सांगितलं, तरी ती मर्यादा बाहेरच्या माणसाला लागू होत नाही. त्यानं केलेला करार कंपनीला बांधतोच. त्यामुळे मालक हा अधिकार सहज कुणाला देत नाहीत.

म्हणून या शब्दातून विश्वास कळतो, हाताखालची माणसं कळत नाहीत. वीस जणांच्या विभागाचा प्रमुख प्रोकुरिस्ट नसू शकतो आणि एकट्यानं काम करणारी हिशेब विभागातली व्यक्ती प्रोकुरिस्ट असू शकते. दुसरी गोष्ट, प्रोकुरा एकट्याच्या सहीचा असतो किंवा संयुक्त, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या सहीसोबतच चालणारा. हा फरक रेझ्युमेत क्वचितच लिहिलेला असतो. तो विचारायलाच हवा.

आता पडताळणी. प्रोकुरा कंपनी नोंदणीत नोंदवावाच लागतो, आणि ही नोंदणी कुणालाही पाहता येते. handelsregister.de वर कंपनीचं नाव आणि गाव टाकून शोधा. १ ऑगस्ट २०२२ पासून तिथले उतारे मोफत आहेत. निकालासमोर दोन अक्षरांचे दुवे दिसतील. AD म्हणजे आजची स्थिती, CD म्हणजे पूर्वीपासूनच्या नोंदी क्रमानं. तुमच्या उमेदवारानं नोकरी सोडली असेल तर तिचा प्रोकुरा रद्द झालेला असणार आणि AD मध्ये नाव दिसणार नाही. तेवढ्यावरून 'खोटं लिहिलंय' असं ठरवू नका, CD उघडा. तिथे अधिकार केव्हा मिळाला, केव्हा काढला आणि तो संयुक्त होता का, हे सगळं सापडतं. तीन मिनिटांत तुम्हाला रेझ्युमेतल्या सगळ्यात मोठ्या दाव्याचा सरकारी पुरावा मिळतो. इथल्या ओळखीच्या कंपनीतून आलेल्या उमेदवाराबद्दल असा पुरावा तुमच्या साहेबांकडे कधी असतो का, हे त्यांना जरूर विचारा.

कंपनीच्या अनोळखी नावाचा प्रश्नही असाच सुटतो. जर्मनीत मध्यम आकाराच्या, बहुतेक कुटुंबाच्या मालकीच्या कितीतरी कंपन्या फक्त दुसऱ्या कारखान्यांना माल पुरवतात. त्यांचं नाव दुकानात दिसत नाही, म्हणून आपल्या कानावर येत नाही. नाव ऐकलंय का, हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि कंपनी केवढी आहे ते पाहा. unternehmensregister.de वर वार्षिक हिशेब मिळतात, २०२२ च्या आधीच्या वर्षांचे bundesanzeiger.de वर. त्यातल्या टिपांमध्ये कर्मचाऱ्यांची सरासरी संख्या शोधा. कंपनी छोटी असेल तर फक्त ताळेबंद आणि टिपा दिसतील, विक्रीचा आकडा नसेल. आणि ती मोठ्या समूहाचा भाग असेल तर हिशेब मूळ कंपनीच्या नावानं निघू शकतात, तेव्हा स्वतंत्र काहीच मिळत नाही. मग समूहाचं नाव शोधायचं. हिशेब सापडले नाहीत म्हणून कंपनी बनावट ठरवण्याची घाई मी स्वतः एकदा केली आहे. ती माझी चूक होती आणि त्या उमेदवाराला मला नंतर फोन करून माफी मागावी लागली.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी अशीच फाईल आली होती. जागा खरेदी प्रमुखाची, हाताखाली १२ माणसं, दोन कारखाने, आणि पहिल्या वर्षातलं मुख्य काम म्हणजे कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या पुरवठादारांशी दीर्घ मुदतीचे करार नव्यानं करणं. उमेदवाराच्या शेवटच्या कंपनीत हिशेबांनुसार साधारण २४० माणसं होती. रेझ्युमेत 'खरेदी विभागप्रमुख' असं लिहिलं होतं. मी मूळ जर्मन पदनाम मागितलं, तर ते ग्रुपेनलायटर निघालं. म्हणजे भाषांतरात पद एक पायरी वर गेलं होतं. इथे बरेच जण फाईल बंद करतात. मी त्यांना विचारलं की हा शब्द का निवडला. उत्तर प्रामाणिक होतं: विभागात एकूण सातच माणसं, त्यातली चार त्यांच्या हाताखाली, आणि वरची जागा दोन वर्षं रिकामी असल्यानं काम त्याच पाहत होत्या. मग मी दोन प्रश्न विचारले, आणि तेच तुम्हालाही विचारायला सांगेन.

पहिला: तुम्ही सही केलेला शेवटचा मोठा करार कोणता, त्यावर आणखी कुणाची सही होती, आणि कोणत्या रकमेच्या वर तुम्हाला विचारावं लागायचं? ज्यानं खरोखर निर्णय घेतलेत त्याला हे तिन्ही लगेच आठवतं, रकमेसकट. ज्यानं फक्त कागद तयार केलेत तो 'आम्ही ठरवलं', 'टीमनं केलं' असं बोलत राहतो. त्या म्हणाल्या, ओतकामाच्या पुरवठादाराशी तीन वर्षांचा करार, वर्षाला अंदाजे २० लाख युरोचा, सोबत व्यवस्थापकीय संचालकांची सही. ५० हजार युरोच्या आतलं त्या एकट्या मंजूर करायच्या.

दुसरा: तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर तुमचं काम कोण करायचं? या उत्तरातून विभागाची रचना दिसते, जी पदनामातून कधीच दिसत नाही. त्यांनी दोघांमध्ये काम कसं वाटलं जायचं ते सांगितलं आणि करारांच्या वाटाघाटी मात्र थांबायच्या, असंही सांगितलं. म्हणजे वाटाघाटी खरंच त्यांच्याकडे होत्या.

रकमा आपल्या चलनात बदलून तुलना करू नका, त्यानं फक्त डोळे दिपतात. कंपनीच्या एकूण खरेदीतला किती वाटा त्यांच्या हातात होता, ते विचारा. इथे तो सुमारे एक तृतीयांश होता. मी जागेच्या गरजेशी मेळ असा लावला: करारांचं काम पूर्ण जुळतं, किंबहुना आमच्या आधीच्या प्रमुखापेक्षा त्यांना अधिकार जास्त होते. चार माणसांवरून बारावर जाणं ही खरी उडी होती. आणि स्थानिक पुरवठादारांची ओळख व आयातीचे आजचे नियम यांचं ज्ञान जवळपास शून्य होतं. परदेशी जाण्यापूर्वीची ओळख मी धरतच नाही. पण ही शेवटची उणीव सहा महिन्यांत भरून निघते, वाटाघाटीची समज मात्र सहा महिन्यांत येत नाही. मुलाखतीत आम्ही जवळपास सगळा वेळ माणसं सांभाळण्यावर घालवला, कारण शंका तिथेच उरली होती. त्यांची निवड झाली. पहिलं वर्ष माणसांच्या बाबतीत जड गेलं, करारांच्या बाबतीत नाही. म्हणजे कागदावर जिथे फट दिसली होती, ती तिथेच निघाली.

जर्मनीतून आलेल्यांकडे आणखी एक कागद असतो, तो मूळ भाषेत मागा: आर्बाइट्सझॉयग्निस, म्हणजे मालकानं दिलेलं सेवा प्रमाणपत्र. नोकरी सोडताना ते मागण्याचा कर्मचाऱ्याला कायद्यानं हक्क आहे आणि ते त्याच्या भल्याचं असावं अशी अपेक्षा असते, म्हणून वरवर पाहता प्रत्येकाचीच स्तुती केलेली असते. खरी श्रेणी शब्दांच्या बारकाव्यात असते. काम 'श्टेट्स', म्हणजे नेहमी, आणि 'फोल्स्टन', म्हणजे परिपूर्णाच्याही वरच्या समाधानाचं, असं दोन्ही लिहिलं असेल तर ती सर्वोच्च श्रेणी. 'श्टेट्स' सोबत साधं 'फोलन', म्हणजे पूर्ण, असेल तर चांगली. 'श्टेट्स' गळून नुसतं 'पूर्ण समाधान' उरलं असेल तर मध्यम, आणि फक्त 'समाधान' असेल तर जेमतेम. भाषांतरात या चारही ओळी सारख्याच गोड वाटतात, म्हणून मूळ कागद हवा. फार काटेकोर मात्र होऊ नका. छोट्या कंपन्यांत हे लिहिणाऱ्याला संकेत माहीतच नसतात. मला स्वतःला श्रेणीपेक्षा त्यातली कामांची यादी मोलाची वाटते. रेझ्युमेत उमेदवार स्वतःबद्दल लिहितो, इथे मालकानं लिहिलेलं असतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. रेझ्युमेतलं एखादं मोठं काम प्रमाणपत्रात अजिबात नसेल, तर मुलाखतीचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला. उमेदवार अजून नोकरीत असेल तर शेवटच्या कंपनीचं प्रमाणपत्र बहुधा नसेल, त्याचा संशय घेऊ नका. आणि तिच्या संमतीशिवाय तिथे फोन तर मुळीच करू नका.

दुसऱ्या देशांतून आलेल्यांनाही हीच पद्धत लावता येते, फक्त सापळे बदलतात. गुंतवणूक बँकेतला 'व्हाइस प्रेसिडेंट' हा उपाध्यक्ष नसतो, मधल्या फळीतला अधिकारी असतो. ब्रिटनमधला 'डायरेक्टर' संचालक मंडळावर असेल तर त्याचं नाव तिथल्या कंपनी नोंदणीत मोफत सापडतं, आणि सापडलं नाही तर ते बहुधा फक्त विभागातलं पद असतं. त्यात खोटेपणा नाही, पण जागेशी मेळ लावताना फरक मोठा पडतो.

तुमच्या बाबतीत मी आज एवढंच करेन: CD उतारा काढा, शेवटच्या कंपनीची कर्मचारीसंख्या पाहा, बाईंकडून मूळ पदनामं आणि आधीच्या दोन कंपन्यांची प्रमाणपत्रं मागवा. मग साहेबांसमोर एक पान ठेवा: जागेची पहिल्या वर्षातली तीन मुख्य कामं डावीकडे, आणि प्रत्येकासमोर बाईंनी ते कुठे, कुणाच्या सहीनं, किती वाट्यानं केलंय ते. एखादी चौकट रिकामी राहिली तर रिकामीच दाखवा.