होरपळलेली नव्हे, भाजलेली मिरची

*“सिमला मिरची गॅसवर होरपळून घ्या, मग दहा मिनिटं वाफवा आणि साल काढा, असं एका पाककृतीत वाचलं. इथे होरपळणे बरोबर आहे का? नसेल तर नेमका शब्द कोणता? आणि हिरव्या मिरचीलाही तोच चालेल का?”*

होरपळणे चूक, आणि वाफवणे त्याहून चूक. होरपळतं ते पीक, उन्हाने. होरपळतात ती माणसं, दुष्काळात, वणव्यात. आजच्या बोलण्यात या क्रियापदात सोसणाराच तेवढा असतो, करणारा नसतो. म्हणून ‘आईने वांगं होरपळलं’ असं मराठी माणसाच्या तोंडून कधी निघत नाही, आणि ‘होरपळून घ्या’ ही आज्ञा कानाला खटकते. इंग्रजी-मराठी कोशात ‘स्कॉर्च’पुढे हा शब्द दिसतो आणि भाषांतर करणारे तो तसाच उचलून स्वयंपाकघरात आणतात. ‘करपवून घ्या’ची गतही तीच. करपणं ही चूक असते, कृती नव्हे. भात करपला म्हणजे लक्ष नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द आहे भाजणे. तो फार मोघम आहे, रवाही भाजतात, पापडही भाजतात आणि वांगंही, म्हणून मिरचीसाठी नवा शब्द घडवायला हवा, असं म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. या सगळ्यांत समान काय, ते पाहा. मध्ये पाणी नाही आणि तेल नाही, नुसती कोरडी आच. तेल आलं की आपण परतणे किंवा तळणे म्हणतो, पाणी आलं की शिजवणे किंवा उकडणे. रवा-बेसन तुपातही भाजतात, तेवढा अपवाद सोडला तर भाजण्याची हद्द स्वच्छ आखलेली आहे.

शिवाय हा शब्द किती जुन्या घरातला आहे! संस्कृत धातुपाठात ‘भ्रस्ज पाके’ असा धातू आहे. त्याचं वर्तमानकाळी रूप भृज्जति, प्राकृतात भज्जइ, आणि जोडाक्षर सुटून मागचा स्वर लांबला की मराठीत भाजणे. अद्य, अज्ज, आज ही जी वाट, तीच ही. त्याच धातूपासून भ्राष्ट्र म्हणजे भाजण्याचं भांडं. पाणिनीच्या ‘संस्कृतं भक्षाः’ या सूत्राखाली काशिका या टीकेत ‘भ्राष्ट्रा अपूपाः’ असं उदाहरण आहे: भ्राष्ट्रात तयार केलेले अपूप, म्हणजे पिठाच्या पोळ्या. भ्राष्ट्राची पुढे भट्टी झाली, आणि हिंदीत चणे-कुरमुरे भाजायच्या भट्टीला भाड़ म्हणू लागले.

आता भडभुंज्या घ्या. यातला ‘भड’ भडक्याशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो सोडावा. भड म्हणजे हाच भाड़, म्हणजे भ्राष्ट्र. आणि ‘भुंज्या’ हा भृज्ज्‌चाच अवतार. ओठांच्या व्यंजनानंतरच्या ऋचा पुष्कळदा उ होतो, पृच्छ्‌वरून पुसणे झालं तसा. म्हणजे भडभुंज्या या एकाच शब्दात भाजणं दोनदा आलं आहे, एकदा भांड्याच्या रूपाने आणि एकदा कामाच्या रूपाने. हा माणूस विकतो काय? फुटाणे. ते आले स्फुट् धातूवरून, फुटणे. हरभऱ्याच्या आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, ती टरफल फोडते, आणि मग चिमटीत चोळलं की साल सुटते.

मिरचीचं साल काढणं हे अगदी हेच काम आहे. ढोबळ्या मिरचीची साल मेणचट, चिवट आणि न पचणारी असते, आणि गराला घट्ट चिकटलेली असते. प्रखर आच लागली की सालीच्या लगेच खालच्या थरातल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून ती साल उचलते आणि फोड येतो. फोड हाही स्फुट्‌च्याच घरातला. तेव्हा ‘ब्लिस्टर करा’ला मराठी हवं असेल तर ‘सालीवर फोड येईपर्यंत भाजा’ एवढं पुरेसं आहे. उचललेल्या, वाळलेल्या सालीला पापुद्रा म्हणावं. काळा पडतो तो पापुद्रा, मिरची नव्हे.

यावरूनच आच मोठी का हवी, तेही कळतं. मंद आचेवर उष्णता सावकाश आत शिरते, गर शिजून लिबलिबीत होतो आणि साल मात्र जागेवरच राहते. साधारण दीडशे ग्रॅमची, जाड गराची, सरळ भिंतींची मिरची घ्यावी. खोल घड्या असलेली घेऊ नये, कारण घडीत ज्योत पोचत नाही आणि नेमकी तिथेच साल अडते. मिरची धुऊन पूर्ण कोरडी करावी. देठ ठेवावा, धरायला आणि फिरवायला तो कामाला येतो. तेल लावू नये, उघड्या ज्योतीवर ते जळून धूर आणि काजळी धरतं. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर बर्नर साफ करून मगच मिरची ठेवावी, नाहीतर वर बसते ती काजळी असते आणि भाजलं गेल्याचा भास होतो.

मिरची थेट बर्नरच्या जाळीवर आडवी ठेवा. दीड-दोन मिनिटांत खालची बाजू तडतडून काळी होते. मग चिमट्याने पाव वळसा फिरवा. चार बाजू झाल्या की बूड आणि देठाजवळचा खांदा ज्योतीवर उभा धरा, कारण लोक नेमकं हेच विसरतात. सगळं मिळून आठ ते दहा मिनिटं लागतात. काळा, कागदासारखा पापुद्रा म्हणजे झालं. पांढरट राख दिसू लागली तर आच गरापर्यंत पोचली आहे. अशी साल गराचे लचके घेऊन निघते आणि कडवटपणा मागे उरतो. एकदम चार-पाच मिरच्या करायच्या असतील तर ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली, पाच-सात सेंटीमीटर अंतरावर, पंधरा ते वीस मिनिटं ठेवाव्यात आणि तीन-चारदा फिरवाव्यात. तिथे मात्र तेलाचा पुसटसा हात चालतो. पण तिथली आच ज्योतीएवढी नेमकी बसत नाही, त्यामुळे गर जरा जास्तच मऊ होतो.

आता वाफवणे. वाफवतात ते मोदक आणि अळूवडी, खाली पाणी उकळून आलेल्या वाफेवर. ‘मिरची वाफवा’ वाचून कोणी भाजलेल्या मिरच्या चाळणीत घालून कुकरला लावल्या, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. साल ओली होऊन गराला पुन्हा चिकटते आणि मिरचीचा पार लगदा होतो. इथे बाहेरून वाफ द्यायचीच नसते. मिरचीची स्वतःची वाफ कोंडायची असते. यासाठीही मराठीत शब्द आहे, आणि तोही आपल्या रोजच्या खाण्यातला: दडपणे. दडपे पोहे शिजवायला चूल लागत नाही. ओल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा ओलावा झाकणाखाली दाबून ठेवतात आणि पोहे त्यातच मऊ होतात. मिरचीचंही तसंच. गरम आहे तोवर स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावा, किंवा पातेल्यात ठेवून वर घट्ट बसणारी ताटली घाला. आतली ऊब आणि दमटपणा मिळून साल आणि गर यांना जोडणारा पेक्टिनचा चिकटा सैल होतो, आणि ज्योतीने नुसते फोड आणले होते तिथे आता सलग पापुद्रा सुटतो. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, भाजलेली मिरची ती वितळवण्याइतकी गरम असते.

मिरचीची ही तऱ्हा मेक्सिकोत फार जुनी. तिथे विस्तवावर भाजण्याला तातेमार म्हणतात, हा नाहुआत्ल भाषेतून आलेला शब्द, आणि झाकून ठेवण्याला सुदार, म्हणजे घाम आणणं. त्यांनी दोन कामांना दोन शब्द ठेवले. आपल्याकडेही दोन आहेतच: भाजा आणि दडपा.

दडपायला दहा मिनिटं पुरतात, मोठ्या मिरचीला पंधरा. त्यापुढे उबेत ती शिजत राहते. हिरवी मिरची असेल तर हे डोळ्यांना लगेच दिसतं: रंग उतरून शेवाळी, खाकी होतो, कारण मिरचीतलं आम्ल आणि ऊब मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतात. हिरवेपणा हवा असेल तर दहाव्या मिनिटाला झाकण काढून मिरच्या ताटात पसरून टाकाव्यात.

साल बोटांनी सरकवून काढावी, किंवा सुरीच्या बोथट बाजूने खरवडावी. नळाखाली धरू नये. भाजल्याचा सगळा वास त्या काळपट रसात असतो, तो पाण्याबरोबर जातो. स्पेनमधल्या लोदोसाच्या पिकियो मिरच्या ज्योतीवर भाजून पाणी न लावता सोलतात, ते याचसाठी. वाटीभर पाणी जवळ ठेवून बोटं बुडवत राहिलं की काम होतं. काळे कण थोडे राहिले तर राहू द्यावेत. एखाद्या जागी साल सुटतच नसेल तर ओढू नये. ती जागा भाजलीच गेलेली नाही, तेवढीच अर्धा मिनिट ज्योतीवर धरून पुन्हा पाच मिनिटं दडपावी. देठ आणि बिया सोलून झाल्यावर काढाव्यात, आधी चिरली तर रस ज्योतीवर सांडतो. डब्याच्या तळाशी साठलेला रस मात्र टाकू नये, गाळून चटणीत घालावा.

हिरव्या मिरचीलाही भाजणेच, पण दडपणे सगळ्यांना नको. भावनगरीसारखी लांब, जाड मिरची तीन-चार मिनिटं भाजून सात-आठ मिनिटं दडपली तर छान सोलते. तिला आधी सुरीच्या टोकाने एक भोक पाडावं, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने ती फुटते आणि गरम बी अंगावर येतं. लवंगीसारख्या बारीक मिरचीचा गर सालीइतकाच पातळ असतो, सोलायला गेलं तर हातात काही उरत नाही. खानदेशात भरिताचं वांगं कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात आणि हिरव्या मिरच्याही भाजूनच घेतात, पण त्या सोलत नाहीत, सालीसकट बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात. तिथे मिनिटभराची आच पुरे, अंगावर काळे ठिपके आले की मिरची उतरवावी. तिखट मिरची सोलायचीच असेल तर हाताला आधी तेल चोळावं.