उत्पादन विभागातली गळती की नव्या माणसांची गळती?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक पाइपचा कारखाना आहे. मार्चअखेरच्या वर्षात सरासरी ४०० माणसं होती, ९६ सोडून गेली. उत्पादनात २४० पैकी ७२, बाकी विभागांत १६० पैकी २४. तक्ता जोडलाय. संचालकांसाठी विभाग आणि नोकरीचा काळ धरून अहवाल लिहायचाय. उत्पादनप्रमुखांवर खापर फुटू नये, पण खरंही लपू नये. कसं लिहू?

उत्तर: दादा, एकूण २४ टक्के, उत्पादन ३०, बाकीचे मिळून १५, हे बरोबर आहे. पण तक्ता असाच पुढे ठेवलात तर 'उत्पादनात दुप्पट गळती' यावरच बैठक अडकेल. विभाग आणि नोकरीचा काळ वेगवेगळ्या पानांवर नको, एकाच तक्त्यात आणा.

तुमच्याच आकड्यांत बघा. दोन वर्षं पुरी केलेले उत्पादनात १६० आहेत, त्यातले १३ गेले, म्हणजे ८ टक्के. बाकी विभागांत असे १३०, गेले ९, म्हणजे ७ टक्के. फरक नावापुरता. दोन वर्षांच्या आतले मात्र उत्पादनात सरासरी ८० आणि गेले ५९; इतरत्र ३० आणि गेले १५. म्हणजे बहुतेक गळती नव्या माणसांची आहे, आणि नवी माणसं उत्पादनातच जास्त लागतात. नव्यांतही उत्पादनाचा दर जास्त आहे, ते लपवू नका. फक्त ३० जणांच्या गटाशी केलेल्या तुलनेवर फार भार टाकू नका. आणि जुने टिकले म्हणून सगळं आलबेल आहे असंही लिहू नका. ज्यांना ते काम झेपलं तेच दोन वर्षं उरलेत.

नव्यांचा दर सरासरी संख्येवर काढू नका. सहा महिन्यांच्या आतले तुमच्याकडे एका वेळी ४५ असतात आणि वर्षात तसे ५४ गेले, म्हणजे दर १२० टक्के! संचालकांना वाटेल आकडा चुकलाय. खरं तर एकेका जागेवरून वर्षात एकाहून जास्त माणसं गेलीत. त्याऐवजी भरतीची तुकडी धरा. आधीच्या ऑक्टोबरपासून या सप्टेंबरपर्यंत लागलेले सगळे घ्या आणि १८० दिवसांच्या आत किती गेले ते मोजा. ऑक्टोबरनंतर लागलेल्यांचे सहा महिने मार्चअखेर पुरे झालेले नसतात, त्यांना धरलंत तर दर उगाच कमी दिसतो. समजा १२० लागले आणि ४८ गेले, तर 'दहातले चार नवे सहा महिने काढत नाहीत' एवढं एक वाक्य पुरतं.

लिहायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, सोडल्याची तारीख. आपल्याकडे बरेच जण राजीनामा देत नाहीत, यायचेच बंद होतात. नाव मात्र मस्टरवरून दोन-तीन महिन्यांनी, कधी थेट मार्चअखेरच्या साफसफाईत कमी होतं. मग मार्चमध्ये गळती वाढल्यासारखी दिसते आणि कारणं भलत्याच महिन्यात शोधली जातात. शेवटची हजेरी हीच तारीख धरा. दुसरी, परत आलेले. यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, त्यावरून नावं जुळवा. कापूस वेचणीला गेलेला माणूस जानेवारीत नव्या टोकन नंबरवर परत लागला असेल, तर तो गळतीतही मोजला गेलाय आणि नव्या भरतीतही.

आता कारणं. निघतानाच्या फॉर्मवर 'घरगुती कारण' बहुतेक जण लिहितात, त्यावर काही ठरवता येत नाही. शेवटच्या हजेरीचे महिने मांडा. जूनच्या पेरणीला आणि दसरा-दिवाळीनंतर गर्दी असेल, शिवाय त्यातले बरेच परतही आले असतील, तर शेतीच्या हंगामाला आधार मिळतो. एप्रिल-मेमध्ये, तेही एक्स्ट्रूडरवरच्या माणसांत असेल, तर उष्णता हे कारण पुढे येतं. बाहेर पारा ४४-४५ वर असताना तापलेल्या बॅरलशेजारी पहिल्यांदाच उभं राहणं नव्या माणसाला फार जड जातं. गर्दी कुठल्याच महिन्यात नसेल आणि पहिल्या-दुसऱ्या पगारानंतर माणसं जात असतील, तर भरतीच्या वेळी सांगितलेला पगार आणि हातात आलेली रक्कम ताडून बघा.

अहवालातली भाषा साधारण अशी ठेवा:

> 'दोन वर्षांपेक्षा जुन्या कामगारांत विभागांमधला फरक किरकोळ आहे. ९६ पैकी ७४ जण दोन वर्षांच्या आतले होते, त्यातले ५४ सहा महिन्यांच्या आतले. सोडल्याच्या महिन्यांवरून हंगामी शेतीकाम हे एक कारण असण्याची शक्यता दिसते. ते ठामपणे सांगण्याइतकी माहिती अजून नाही. पर्यवेक्षण किंवा पाळी हे कारण आहे का, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.'

हंगामाचं वाक्य महिने मांडल्यावर तसं दिसलं तरच ठेवा. शेवटचं वाक्य मात्र काढू नका. ते नसेल तर ऐकणारा ती जागा स्वतःच्या मनाने भरतो, आणि बहुधा उत्पादनप्रमुखांच्या नावाने.

देखभाल विभागातून ३० पैकी ३ गेलेत. तिथे टक्केवारी देऊ नका, 'तीन जण' एवढंच लिहा. एक माणूस कमी-जास्त झाला की दर तीन टक्क्यांनी हलतो. आणि मसुदा बैठकीच्या दोन दिवस आधी उत्पादनप्रमुखांना वाचायला द्या. कुठली लाइन कधी बंद होती, कुणाला दुसऱ्या विभागात हलवलं, हे त्यांनाच माहीत असतं, आणि त्याने तुमचा छेद बदलू शकतो.